गावात आई-बाबा, शहरात मुलं: घरपोच नर्सिंगची जाहिरात टोचणी न लावता कशी लिहावी

प्रश्न: सांगली-मिरजेत आमचा घरपोच नर्सिंगचा ब्युरो आहे. सिस्टर आणि मदतनीस ताई मिळून वीसेक जणी. चौकशी करणारे बहुतेक पुणे, मुंबई, बंगळुरूला असलेले मुलगे-मुली. मागच्या जाहिरातीत आम्ही 'ज्यांनी तुम्हाला चालायला शिकवलं, त्यांना आज तुमच्या आधाराची गरज आहे' असं लिहिलं होतं. फोन भरपूर आले, पण दोघा-तिघांनी चांगलं सुनावलं आणि टिकलेल्या ड्युट्या कमीच. कुणाला टोचणार नाही, पण विश्वास वाटेल, असा मजकूर कसा लिहायचा?

उत्तर:

फोन भरपूर आले आणि ड्युट्या टिकल्या नाहीत, या दोन्हींचं मूळ त्या एकाच ओळीत आहे. ती वाचून ज्याला बोचलं त्याने ती बोच घालवायला फोन केला. घरी विचारलं नव्हतं, बहिणीशी बोलणं झालं नव्हतं, नेमकी मदत कशासाठी हवी हेही ठरलं नव्हतं. आगाऊ पैसे भरले, 'मी व्यवस्था केली' म्हणून सुस्कारा टाकला, आणि तिसऱ्या दिवशी बाबांनी 'आमचं आम्ही बघतो' म्हणत तुमच्या ताईंना परत पाठवलं. घरपोच सेवांसाठी लिहिताना मी हे इतक्यांदा पाहिलंय की भावनेवर आलेल्या फोनांचा आकडा कुणी कौतुकाने सांगितला की मी आधी महिनाअखेरीला चालू असलेल्या ड्युट्या विचारतो.

शिवाय तुमचा वाचक बेफिकीर नाही. त्याला आठवण करून द्यायची गरजच नसते. तो जाहिरात वाचतो तेव्हा बहुधा काहीतरी घडलेलं असतं. आई बाथरूममध्ये घसरली, मिरजेच्या हॉस्पिटलात खुब्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले परवा घरी न्या, आणि याची रजा रविवारी संपते. किंवा गणपतीत घरी आल्यावर दिसलं की बाबांची शर्टाची बटणं उलटसुलट लागताहेत आणि फ्रिजमध्ये पाच दिवसांची आमटी आहे. त्या घडीला त्याचा प्रश्न 'मी चांगला मुलगा आहे का' हा नसतो. सोमवारी सकाळी आईला बाथरूमला कोण नेणार, हा असतो. जाहिरातीने त्याचं उत्तर द्यायचं. तेवढं दिलं की दिलासा आपोआप मिळतो, वेगळा लिहावा लागत नाही.

लिहून झाल्यावर मी एक साधी तपासणी करतो. प्रत्येक वाक्याचा कर्ता शोधायचा. 'तुम्ही दूर आहात', 'तुम्हाला वेळ मिळत नाही', 'तुम्ही निर्धास्त राहा' या वाक्यांत कर्ता किंवा निशाणा मुलगा आहे, आणि त्याच्याविषयी काहीतरी ठरवून टाकलंय. 'ताई आठ वाजता येतात', 'सिस्टर ड्रेसिंग बदलतात' या वाक्यांत काम करणारी व्यक्ती कर्ता आहे. पहिल्या जातीची वाक्यं काढत गेलात की टोचणारं बहुतेक सगळं निघून जातं. राहिला 'तुम्ही' तर तो पैसे, नोंदी आणि निर्णय यांच्यापुरताच राहू द्या, कारण तिथे तो खरोखरच करणारा असतो.

उघड टोमण्यापेक्षा गोड शब्दांतला टोमणा जास्त फसवतो. 'मुलाच्या मायेने काळजी' लिहिलं की वाचणाऱ्या मुलाला कळतं, त्याच्या जागी दुसरं कुणी बसवलंय. 'तुम्ही करिअर करा, आईबाबांना आम्ही सांभाळतो' हे तर कौतुकाच्या कागदात गुंडाळलेलं तेच वाक्य आहे. 'आता तरी', 'उशीर होण्याआधी' हेही काढा. आणि खिडकीत एकटे बसलेले आजोबा, सुरकुतलेल्या हातावर ठेवलेला तरुण हात, ही दोन चित्रं मी गेली कित्येक वर्षं कुणाच्याच जाहिरातीत येऊ दिलेली नाहीत.

आता प्रत्यक्ष मजकूर. सगळ्या सेवा एका पत्रकात कोंबू नका. डिमेन्शिया, पक्षाघात, कॅन्सर, बाळंतीण, फिजिओ अशी यादी वाचून कुणालाच 'हे माझ्या घरासाठी आहे' असं वाटत नाही. एकच प्रसंग घ्या आणि त्याच्यावर पूर्ण जाहिरात करा, दुसऱ्या प्रसंगाची दुसरी करू. मी खुब्याचं ऑपरेशन घेतो, कारण त्यात मदत कधीपासून आणि कशासाठी लागणार हे आधीच स्पष्ट असतं.

घर असं धरू. आई सत्तरीच्या पुढची, खुब्याचा अर्धा सांधा बदललेला, वॉकर दिलेला. बाबांचं वय तेवढंच, स्वतः हिंडतेफिरते, पण आईला उचलण्याची ताकद नाही. मुलगा बंगळुरूत, मुलगी इस्लामपूरला, ती एक दिवसाआड येऊन जाते. डॉक्टरांनी सांगितलंय की खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, बुटकी खुर्ची नको, भारतीय संडास बंद. घरात नेमका भारतीय संडास. अशा घरासाठी मी असं लिहीन:

आईंचा डिस्चार्ज उद्या आहे?
आज दुपारी चारपर्यंत कळवा. उद्या त्या घरी येतील तेव्हा आमच्या ताई दारात असतील. (सांगली, मिरज, कुपवाड)

खुब्याच्या ऑपरेशननंतर सुरुवातीचे काही आठवडे उठणं, बसणं, बाथरूम आणि आंघोळ यासाठी दुसरं माणूस लागतं. त्या कामासाठी आमच्या मदतनीस ताई सकाळी ८ ते रात्री ८ घरी थांबतात.

ताई वॉकर धरून चालवतात, कमोड खुर्चीवर बसवतात, आंघोळ घालतात, डबीत लावलेल्या गोळ्या वेळेवर देतात, फिजिओंनी शिकवलेले व्यायाम करून घेतात. पाठ, माकडहाड आणि टाचा रोज तपासतात. ड्रेसिंग आणि इंजेक्शनसाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असलेल्या सिस्टर येतात, डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणेच.

घरातला स्वयंपाक आणि धुणीभांडी ताईंकडे नाहीत. पेशंटचा चहा-नाश्ता त्या करून देतात.

दिवसाची नोंद घरातल्या वहीत राहते. रात्री ८ वाजता तिचा फोटो घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो.

ताईंच्या सुट्टीला बदली ताई येतात. पहिल्याच आठवड्यात त्यांची घरी ओळख करून देतो.

पहिले तीन दिवस आई-बाबांना पटतंय का ते बघा. नाही पटलं तर फक्त झालेल्या दिवसांचे पैसे. उरलेली आगाऊ रक्कम सात दिवसांत परत.

१२ तासांचा दर: दिवसाला रु. ____. सिस्टरची एक भेट: रु. ____.

छातीत दुखणं, बेशुद्धी, पडून लागणं: आधी १०८, मग आम्हाला फोन.

फोन आणि व्हॉट्सॲप: ____, सकाळी ७ ते रात्री १०. उचलणाऱ्याचं नाव: ____.

मजकूर एवढाच. यात 'काळजी', 'माया', 'आपुलकी' यांतला एकही शब्द नाही आणि मला तो आणायचाही नव्हता. टाचा रोज तपासतात, हे वाचून ज्याला कळायचं ते कळतं. फार वेळ उताणं पडून राहिलेल्या माणसाला माकडहाडावर आणि टाचेवर आधी लाल डाग येतो. बोटाने दाबून सोडल्यावर तो लालसरपणा फिका पडत नसेल तर ती बेडसोरची सुरुवात असते. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तेव्हा तिथली त्वचा गरम किंवा टणक लागते का हे हाताने बघावं लागतं. हे माहीत असलेली ताई आणि माहीत नसलेली ताई यांत किती फरक पडतो ते तुम्हाला मी सांगायला नको. जाहिरातीत मात्र त्या ज्ञानाचा एखादा कोपरा दिसू द्या. 'अनुभवी स्टाफ' असं छापून तो दिसत नाही.

रोजच्या नोंदीला मी एवढी जागा का देतो तेही सांगतो. दूर असलेल्या माणसाला घरातून 'सगळं ठीक आहे' एवढंच ऐकायला मिळतं. आई-बाबा त्याला त्रास नको म्हणून सांगत नाहीत, आणि तो ते ओळखून असतो म्हणून त्याचा 'ठीक'वर विश्वास बसत नाही. तुमची नोंद जर पुन्हा 'पेशंट ठीक आहे, गुड नाईट' अशीच आली तर तिचा काही उपयोग नाही. नोंद अशी हवी:

'बीपी १३४/८०. दुपारी अर्धी भाकरी, मुगाची आमटी, वाटीभर ताक. वॉकरने दिवाणखान्यापर्यंत दोन वेळा, दुसऱ्यांदा दम लागला म्हणून मध्ये बसवलं. कालपासून शौचाला झालेलं नाही, उद्या सकाळी डॉक्टरांना विचारते. टाचा, पाठ ठीक. गुडघ्यांमध्ये उशी ठेवून झोपवलं.'

यात वाईट बातमीही आहे, आणि पुढे काय करणार तेही आहे. मुलाला झोप लागते ती अशा नोंदीने. हे पानच जाहिरातीतलं चित्र म्हणून वापरा, नाव-पत्ता नसलेलं, नमुना म्हणून लिहून काढलेलं, आणि कोपऱ्यात 'नमुना' असं छापलेलं. विकत मिळणाऱ्या फोटोंमधल्या, पांढऱ्या दातांनी हसणाऱ्या आजी-आजोबांपेक्षा सांगलीच्या वहीचं एक पान जास्त काम करतं. माणसाचा फोटो हवाच असेल तर तुमच्या ताईंचा, त्यांची लेखी परवानगी घेऊन. पेशंटचा नको, घरच्यांनी हो म्हटलं तरी नको. आजारपणातल्या माणसाला नंतर तो फोटो बघायला लागतो.

तुमच्या जुन्या पत्रकात '२४ तास नर्स' असंही असणारच, बहुतेक सगळ्यांच्या असतं. ते आधी दुरुस्त करा. २४ तासांची ड्युटी म्हणजे एक ताई घरात राहते, आणि राहणाऱ्या माणसाला झोप लागतेच. आई रात्री एकदा बाथरूमला उठत असतील तर हे चालतं. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची असेल, नळीने दूध द्यायचं असेल, गळ्याला नळी असून सक्शन करायचं असेल, तर एकीला ते झेपत नाही. तिथे १२-१२ तासांच्या दोघी लागतात आणि खर्चही त्याप्रमाणे वाढतो. हे जाहिरातीत एका ओळीत सांगा: '२४ तासांच्या ड्युटीत ताईंना रात्री झोप मिळावी लागते. रात्रभर जागं राहायची गरज असेल तर दोन ड्युट्या घ्याव्या लागतात.' मालकांना ही ओळ नको असते, गिऱ्हाईक पळेल अशी भीती वाटते. माझा अनुभव उलटा आहे. हे आधी वाचलेला मुलगा पंधराव्या दिवशी 'बाई झोपली होती' म्हणून भांडत नाही, आणि तुमच्या ताईही काम सोडून जात नाहीत.

तीच गोष्ट 'नर्स' या शब्दाची. जीएनएम किंवा एएनएम झालेली, कौन्सिलकडे नोंद असलेली ती सिस्टर. चार-सहा महिन्यांचा कोर्स केलेली, किंवा तुम्ही स्वतः शिकवलेली, ती मदतनीस. मदतनीस ताईचं काम कमी दर्जाचं नाही, वर दिलेल्या घराला तीच हवी आहे. पण तिला नर्स म्हणून पाठवणं ही फसवणूक आहे, आणि पहिल्याच इंजेक्शनला ती उघडी पडते. 'पोलीस व्हेरिफाइड' लिहिणार असाल तर प्रत्येकीचं चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र फाइलमध्ये हवं, आणि मागितलं तर तारखेसह दाखवता आलं पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल कारवाई होऊ शकते. त्याच कायद्याखाली २०२२ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, दावा ज्या भाषेत केला त्याच भाषेत त्याच्या अटी द्याव्या लागतात. म्हणजे वर मराठीत मोठ्ठं 'पैसे परत' आणि खाली बारीक इंग्रजीत अटी, हे चालणार नाही. म्हणूनच मी तीन दिवस आणि सात दिवस हे आकडे मजकुरातच घेतलेत. तुम्हाला ते झेपत नसतील तर झेपतील ते घाला, पण आकडा घाला.

आता बाबा. ही जाहिरात मुलगा वाचतो आणि लगेच बाबांना पाठवतो, हे धरूनच चाला. त्यामुळे त्यांना वाचताना कमीपणा वाटेल असा शब्द नको. 'परावलंबी', 'असहाय', 'वृद्धांचा सांभाळ' हे सगळं काढा. वरच्या मजकुरात आईंना 'त्या' म्हटलंय, आणि पटतंय का हे ठरवायचा हक्क 'आई-बाबांना' दिलाय, तो मुद्दाम. पन्नास वर्षं स्वतःचं घर चालवलेल्या माणसाला 'तुमच्यासाठी बाई ठेवलीय' हे ऐकवत नाही. 'तीन दिवस बघा, नाही पटलं तर नाही' हे मात्र ते ऐकून घेतात. तीन दिवसांत आईला कमोड खुर्चीवर बसवताना आपल्या पाठीवर ताण येत नाही, हे त्यांना स्वतःलाच कळतं. मुलाची अडचण निम्मी इथेच असते. त्याला सेवा हवी असते, पण बाबांशी भांडण नको असतं. जाहिरातीने त्याला बाबांपुढे ठेवायला एक साधा प्रस्ताव दिला की त्याचं काम सोपं होतं.

इस्लामपूरची मुलगीही विसरू नका. तिच्यासारखी जवळ राहणारी एक व्यक्ती बहुतेक घरांत असते, बहीण, भावजय नाहीतर चुलत भाऊ. ती आधीच राबत असते. 'घरात कुणी बघणारं नाही?' अशी ओळ तिने वाचली तर तिच्या सगळ्या खेपा पुसल्या गेल्या. दुसऱ्या आवृत्तीसाठी मी तिच्याकडे बघून एक ओळ ठेवली असती: 'घरचं माणूस असेल त्या दिवशी ताईंना सुट्टी द्या, त्या दिवसाचे पैसे नाहीत.' एवढं देता येत असेल तर जरूर द्या, कारण पैसे भरणारा भाऊ आणि खेपा घालणारी बहीण यांच्यातलं अवघडलेपण याने खूप कमी होतं. ब्युरोचं गणित बसत नसेल तर महिन्यातून चार दिवसांची मर्यादा घाला.

जाहिरात कुठे द्यायची याबद्दल थोडक्यात. कागदी पत्रक मिरजेच्या ऑर्थो हॉस्पिटलांच्या बिलिंग खिडकीजवळ, तिथल्यांची परवानगी घेऊन. मुलगा रांगेत उभा असतो ती जागा तीच. गूगलवर देणार असाल तर एक चूक टाळा. जागा 'सांगली' निवडून फक्त तिथे हजर असलेल्यांनाच जाहिरात दाखवायची असं ठरवलंत, तर बंगळुरूतल्या मुलाला ती दिसणारच नाही. त्याऐवजी जागा म्हणून पुणे, मुंबई, बंगळुरू घ्या आणि शोधशब्दांत गावाचं नाव ठेवा. लोक रात्री फोनवर `home nurse in sangli`, `patient caretaker miraj` असंच टाइप करतात. गणपती, दिवाळी आणि मे महिना या काळात मुलं गावी असतात, तेव्हा सांगलीतही चालू ठेवा.

शेवटचा भाग जाहिरातीबाहेरचा वाटेल, पण अर्धी जाहिरात तिथेच जिंकते किंवा हरते. फोन उचलणारी तुमची बाई पहिलं वाक्य काय बोलते? मी गिऱ्हाईक बनून बऱ्याच ब्युरोंना फोन करून पाहतो. 'घरी कोणीच नसतं का?' आणि 'तुम्ही कधी येणार?' हे दोन प्रश्न पहिल्या मिनिटात येतातच. विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, तिला फक्त पैसे कोण देणार ते हवं असतं. पण समोरच्याला ती उलटतपासणी वाटते, आणि मजकुरातून कष्टाने काढलेलं सगळं त्या एका प्रश्नाने परत येतं. तिच्यापुढे एक कागद चिकटवा आणि प्रश्न या क्रमाने विचारायला सांगा: डिस्चार्ज कधी आहे, कोणतं ऑपरेशन, पेशंट आधाराने उभ्या राहतात का, संडास कुठल्या प्रकारचा, रात्री किती वेळा उठतात, सांगलीत दार उघडायला आणि ताईंना घर दाखवायला कोण आहे. पैशांचं याच्यानंतर. पाचव्या प्रश्नावरून एक ड्युटी की दोन हे ठरतं, चौथ्यावरून कमोड खुर्ची भाड्याने मागवायची का ते. आणि मुलगा 'मला यायला जमत नाहीये' असं स्वतःहून म्हणाला, तर 'अहो, असं कसं' नाही आणि 'काही हरकत नाही, आम्ही आहोत ना' हेही नाही. 'बरं. मग ताई पोचल्या की साडेआठला व्हिडिओ कॉल लावून देतील, आईंशी बोलून घ्या,' एवढं म्हणायचं आणि पत्ता लिहून घ्यायचा.